तिन्ही ठिकाणी एकच बोर्ड

माझं डोकं पहिल्यापासूनच गरम. सासूबाई म्हणायच्या, हिच्या तोंडाला लागू नका, पोळाल. पण त्या दिवशी साइटवरच्या केबिनमध्ये मी जितकी तापले होते तितकी उभ्या जन्मात तापले नसेन, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

मी भाषांतरं करते. रस्त्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात मागच्या बाजूला माझं टेबल आहे. दवाखान्याचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या, शाळांच्या सूचना, मशिनबरोबर येणारी पुस्तकं, जे येईल ते मी मराठीत करून देते. आमचे मिस्त्री, म्हणजे माझा नवरा, गिलाव्याचं काम करतात. ते ज्या इमारतीवर होते तिथल्या कंपनीला आपला सुरक्षेचा बोर्ड मराठीत हवा होता, कारण निम्म्याहून जास्त कामगार मराठी आणि बोर्ड सगळा इंग्रजीत. मिस्त्री छाती फुगवून म्हणाले, "आमची ही करते ना." म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

कागद घेऊन सेफ्टी ऑफिसर स्वतः आले होते. त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी, म्हणून साइटवर सगळे त्यांना शिट्टीसाहेब म्हणतात. माणूस वाईट नाही, फक्त घाबरट. मी मूळ बोर्ड नीट पाहिला. त्यात तीन वेगळे चौकोन होते. निळ्यात हेल्मेटचं, पिवळ्यात परांचीचं, लालमध्ये प्रवेश बंदचं. निळं म्हणजे हे केलंच पाहिजे, पिवळं म्हणजे सांभाळून, लाल म्हणजे नाही म्हणजे नाही. तीन रंग उगाच नसतात.

"शिट्टीसाहेब," मी म्हटलं, "हे तीन निरोप आहेत. एक डोक्याबद्दल, एक चढण्याबद्दल, एक जागेबद्दल. ह्यांची खिचडी करायची नाही. तीन पाट्या करा आणि जिथली तिथे लावा. हेल्मेटची गेटवर, परांचीची शिडीपाशी, आणि प्रवेश बंदची, धोक्याच्या जागेला बांधलीय त्या लाल पट्टीवर."

"हो हो, तसंच," ते म्हणाले.

मी मन लावून केलं. 'प्रतिबंधित क्षेत्र' लिहिलं नाही, कारण ते वाचून कोणी थांबत नाही. बोर्डवर असला जड शब्द दिसला की माणूस मान डोलावतो आणि पुढे जातो. मी साधं लिहिलं. हेल्मेटच्या पाटीवर: 'हेल्मेट घालूनच आत यावे. पट्टा हनुवटीखाली बांधावा.' परांचीच्या पाटीवर: 'हिरवा टॅग असेल तरच परांचीवर चढा. लाल टॅग असेल किंवा टॅगच नसेल तर चढू नका.' आणि तिसऱ्यावर: 'आत येऊ नका. वर परांची उतरवण्याचे काम चालू आहे. ती उतरवणाऱ्यांशिवाय कोणीही आत यायचे नाही. हेल्मेट असले तरी नाही.'

ते शेवटचं वाक्य मूळ बोर्डात नव्हतं. मी मुद्दाम घातलं, आणि शिट्टीसाहेबांना कारणही सांगितलं. तिथली रीत मला घरबसल्या ठाऊक होती. गेटवरचा वॉचमन बाकी काही बघत नाही, फक्त डोकं बघतो. टोपी आहे? जा. टोपी नाही? माघारी. साइटवर हेल्मेटला टोपीच म्हणतात, आणि वर्षानुवर्षं तिथे टोपी हाच पास. मिस्त्री तर घरीसुद्धा म्हणायचे, "टोपी डोक्यावर असली की कोणी अडवत नाही." ज्यांच्या डोक्यात हे इतकं पक्कं बसलंय त्यांना लाल पट्टीपाशी नुसतं 'आत येऊ नका' पुरत नाही.

"छापायच्या आधी मला दाखवा," मी बजावलं. शिट्टीसाहेबांनी मान हलवली. दाखवलं मात्र कोणी नाही.

बोर्ड लागला आणि दुसऱ्याच दिवशी परांचीचा पाइप मिस्त्रींवर पडला.

वरून पाइप दोरीने खाली सोडत होते. गाठ सुटली. परांचीचा लांब लोखंडी पाइप पंचवीसएक किलोचा असतो. मिस्त्री खालून घमेलं घेऊन चालले होते. पाइप उजव्या खांद्यावर आला आणि तिथून पायावर. खांद्याचे तुकडे झाले, नडगी मोडली. हेल्मेटला साधा ओरखडा नाही. दवाखान्यात ते मला पिशवीत घालून दिलं, धुतल्यासारखं स्वच्छ. मला ते भिंतीवर आपटावंसं वाटलं.

गिलाव्याच्या माणसाचा उजवा खांदा म्हणजे त्याचं सगळं. थापी त्याच हाताने मारायची, माल त्याच हाताने फेकायचा. डॉक्टर म्हणाले, हात वर जाईल की नाही हे आत्ताच सांगता येणार नाही. मी विचारलं, कधी सांगता येईल? ते म्हणाले, बघू. डॉक्टरांचं 'बघू' मला चांगलं कळतं.

नणंदबाई आल्या. भावाला पाहून रडल्या. मग डोळे पुसता पुसता मला म्हणाल्या, "वहिनी, तो बोर्ड तुम्हीच लिहिलेला ना?"

मी काही बोलले नाही. मी आणि गप्प! पण नाही बोलले.

मिस्त्री गुंगीतून बाहेर आले तेव्हा पहिलं वाक्य म्हणाले, "माझंच चुकलं."

"काय चुकलं?"

"लाल पट्टीतून गेलो. जवळ पडतं म्हणून."

"अहो, बोर्ड होता ना तिथे?"

"होता की. वाचला मी. टोपी घालूनच आत यावे. घातलेली होती." आणि मग भिंतीकडे तोंड करून, "पण माझंच चुकलं असणार. साहेब पण तेच म्हणाले."

साहेब म्हणाले! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे माझ्या आधी मोठे साहेब येऊन गेले होते. साइटचा सगळा कारभार त्यांच्या हातात. माणूस अजून सलाइनवर, आणि ह्यांनी त्याच्या कानात सांगून ठेवलं की तुझंच चुकलं. त्या आधी मिस्त्रींनी एवढंसं तोंड कधी केलं नव्हतं. ते पडल्यापासून रडले नाहीत, कण्हले नाहीत, नुसते भिंतीकडे बघत राहिले. हाड मोडलं त्याहून वाईट काहीतरी मोडलं होतं, आणि ते मोठ्या साहेबांनी मोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब पुन्हा आले, फळांची पिशवी घेऊन. मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले.

"सरकारी तपासनीस येणार आहेत," ते म्हणाले. "ते तुम्हाला एकच विचारतील, भाषांतर बरोबर आहे का. तुम्ही हो म्हणा. विषय संपला."

"आणि हो म्हटलं की?"

"मग कंपनीने सूचना दिली होती, कामगाराने पाळली नाही, एवढंच लिहिलं जाईल. माणुसकी म्हणून आम्ही दवाखान्याचं बघू."

"आणि नुकसानभरपाई? पुढे कामाचं?"

"चूक कामगाराची असेल तर बाई, कायद्याने..." त्यांनी खांदे उडवले. दोन्ही खांदे चांगले उडत होते त्यांचे.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर भाषांतर चुकलं असा अर्थ होईल. म्हणजे तुमच्यामुळे झालं. नवऱ्याच्या अपघाताला बायको जबाबदार. असं कुठे नोंदवून घ्यायचं का?"

इकडे आड, तिकडे विहीर. हो म्हटलं तर नवरा दोषी, नाही म्हटलं तर मी. कंपनी मात्र धुतल्या तांदळासारखी. मी त्यांची फळं परत त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "ही तुमच्या मुलांना द्या." माझ्याच्याने त्या क्षणी तेवढंच झालं.

मग मी साइटवर गेले, बोर्ड बघायला. तोपर्यंत मी तो पाहिलाच नव्हता. गेटवरच उभी राहिले आणि वाचलं.

एकच मोठा निळा बोर्ड. वर अर्ध्या जागेत पिवळ्या हेल्मेटचं चित्र. त्याखाली हाताएवढ्या अक्षरात: 'हेल्मेट घालूनच आत यावे.' आणि त्याखाली बाकीचं सगळं एका दमात, एका परिच्छेदात, एकाच रंगात, मुंगीएवढ्या अक्षरात. पट्टा, हिरवा टॅग, लाल टॅग, परांची उतरवणं, आत येऊ नका, हेल्मेट असले तरी नाही. सगळं होतं. माझा एक शब्द गाळला नव्हता. डाव्या कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह मात्र माझ्या तिसऱ्या पाटीपेक्षा मोठं.

शिडीपाशी गेले. तोच बोर्ड. लाल पट्टीपाशी गेले. तोच बोर्ड! माणसाने जिथे थांबायचं, तिथे त्याच्या तोंडासमोर हेल्मेटचं चित्र आणि 'हेल्मेट घालूनच आत यावे'. ही पाटी थांबवत नव्हती. ही पाटी 'आत या' म्हणत होती.

शिट्टीसाहेब तिथेच उभे होते. मला बघून त्यांचा चेहरा पडला.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

"साहेबांनी बॅनरवाल्याला सांगितलं," ते हळू आवाजात म्हणाले. "तीन वेगळ्या पाट्या तीन मापांच्या होत होत्या. एकच डिझाइन केलं की तीन प्रती निघतात आणि सगळीकडे सारखं दिसतं. मोठे पाहुणे येणार होते, म्हणून सारखं दिसायला हवं होतं."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं त्यांना. एकदा म्हटलं."

"शिट्टी गळ्यात कशाला घातलीय मग? शोभेला?"

मला त्यांचा राग आला, कीवही आली, आणि कीव आली म्हणून आणखी राग आला. अर्ध्या मनाने कुरकुरणारी माणसं काही थांबवत नाहीत.

तपासनीस आले तो दिवस उन्हाचा होता. बारीक, थकलेला माणूस, चष्मा नाकावर उतरलेला. लबाड वाटला नाही, पण कागदाला बांधलेला वाटला. पत्र्याच्या केबिनमध्ये टेबलाच्या एका बाजूला ते, शेजारी मोठे साहेब, कोपऱ्यात शिट्टीसाहेब, समोर मी. गेटवरचा बोर्ड काढून आणून भिंतीला टेकवलेला. अपघातानंतर परांची उतरवण्याचं काम तपासनीसांनीच बंद ठेवायला लावलं होतं. परांची अर्धी उतरवलेली तशीच उभी होती.

"मूळ मजकूर आणि हे भाषांतर मी जुळवून बघितलं," ते म्हणाले. "मला मराठी येतं. तुमचं काय म्हणणं आहे? भाषांतर बरोबर आहे का?"

मोठे साहेब माझ्याकडे बघून किंचित हसले.

"शब्द माझे आहेत," मी म्हटलं. "पण हा बोर्ड माझा नाही."

"म्हणजे?"

"मी तीन पाट्या दिल्या होत्या. ह्यांनी एक केली, आणि तीच तिन्ही ठिकाणी लावली."

"अक्षर न अक्षर तुमचं आहे बाई," मोठे साहेब म्हणाले. "काना मात्रा बदललेला नाही. शेवटी स्पष्ट लिहिलंय, हेल्मेट असले तरी नाही. तुमच्याच मिस्टरांनी वाचलं नाही, त्याला कंपनी काय करणार? मोठ्या अक्षरात काय आणि छोट्या अक्षरात काय, सूचना ती सूचना."

"मग तुमचं नाव का मोठ्या अक्षरात?"

"बाई, आवाज खाली."

"माझा आवाज आहे तसाच राहणार. माझ्या नवऱ्याचा हात खाली राहिलाय, तेवढं पुरे."

तपासनीसांनी पेन खाली ठेवलं. "शांत व्हा. मला हो किंवा नाही मध्ये लिहायचं आहे. इथे तेवढीच जागा आहे."

हो किंवा नाही! माणसाच्या खांद्याचे तुकडे झाले आणि ह्यांच्याकडे दोन शब्दांची जागा. मी टेबलावर हात टेकून उठले. मला ओरडायचं होतं, टेबल उलटं करायचं होतं, पण मी म्हटलं, "मी सांगते. पण इथे नाही. बोर्ड ही भिंतीला टेकवून वाचायची गोष्ट नाही. तो जिथे लावलाय तिथे उभं राहून वाचा, मग हो की नाही ते मी सांगते."

"त्याची काही गरज नाही," मोठे साहेब म्हणाले.

"जागा तर बघायचीच आहे मला," तपासनीस म्हणाले आणि उठले. "चला."

दाराशी हेल्मेटं टांगलेली होती. शिट्टीसाहेबांनी प्रत्येकाला एकेक दिलं. तपासनीसांनी पट्टा हनुवटीखाली नीट बांधला. मोठ्या साहेबांचं पांढरं, चकचकीत. मलाही एक मिळालं. मी ते घातलं आणि सगळ्यांच्या मागे राहिले.

लाल पट्टी तशीच होती, दोन खांबांना बांधलेली. तिच्यावर मध्येच तो निळा बोर्ड. पलीकडे जमिनीवर अजून सिमेंटचे सांडलेले डाग, मिस्त्रींच्या घमेल्यातले. वर अर्धी सुटलेली परांची, तिच्या फळ्यांवर मोकळे ठेवलेले पाइप.

"नेमकं कुठे पडलं ते?" तपासनीसांनी विचारलं.

"इथेच साहेब, या, दाखवतो," मोठे साहेब म्हणाले. त्यांनी सवयीने पट्टी हाताने वर उचलून धरली. तपासनीसांनी समोर बोर्डकडे पाहिलं. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. डोळे हेल्मेटच्या चित्रावर गेले, खालच्या मोठ्या ओळीवर गेले. मग त्यांनी डोक्यावरचं हेल्मेट हाताने नीट बसवलं, मान वाकवली आणि पट्टीखालून आत गेले. मागोमाग मोठे साहेब. आणि मागोमाग, शिट्टी गळ्यात घालून, शिट्टीसाहेब.

मी बाहेर उभी राहिले.

"इथे पाइप आला," मोठे साहेब जमिनीकडे बोट दाखवत होते. "इथून तो चालला होता. इतकी मोकळी जागा सोडून..."

"तपासनीस साहेब," मी हाक मारली. "आता विचारा मला."

ते वळले. "काय?"

"भाषांतर बरोबर आहे का ते."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पाहिलं की मी पट्टीच्या बाहेर आहे आणि ते आत. हळूहळू त्यांनी मान वर केली आणि डोक्यावरच्या फळीवर मोकळे पडलेले पाइप पाहिले.

"बाहेर या साहेब," शिट्टीसाहेब पुटपुटले, आणि स्वतः आधी बाहेर आले.

"आज काम बंद आहे," मोठे साहेब घाईघाईने म्हणाले. "काम बंद आहे म्हणून आपण आत आलो. त्या दिवशी चालू होतं. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत."

"पाइप तर तिथेच आहेत," मी म्हटलं. "आणि काम बंद असलं की आत या, असं बोर्डावर कुठे लिहिलंय? दाखवा मला. मुंगीएवढ्या अक्षरात तरी दाखवा."

तपासनीस पट्टीखालून बाहेर आले. बोर्डसमोर उभे राहिले, चष्मा वर सरकवला आणि वाकून, अगदी नाक लावून, शेवटपर्यंत वाचला. त्यांचे ओठ हलत होते. शेवटच्या ओळीवर आले तेव्हा थांबले.

"तुम्ही साहेब मराठी जाणता," मी म्हटलं. "शिकलेले आहात. अपघाताचाच तपास करायला आलात. कशामुळे माणूस मोडला हे तुम्हाला माहीत आहे. आणि हा बोर्ड तुम्ही केबिनमध्ये अक्षर न अक्षर वाचलेला आहे. तरी तुम्ही आत गेलात. माझा माणूस हातात भरलेलं घमेलं घेऊन आला होता."

मोठे साहेब काहीतरी बोलायला गेले. तपासनीसांनी हात वर केला.

"मी काम बंद आहे म्हणून आत गेलो नाही," ते म्हणाले. कोणाकडेच न बघता म्हणाले. "खरं सांगायचं तर मला ते आठवलंसुद्धा नाही. मी हेल्मेट होतं म्हणून आत गेलो."

मोठ्या साहेबांनी पुढे होऊन बोर्ड बांधलेली तार सोडायला घेतली. "लगेच बदलून टाकतो. आजच तीन वेगळे करतो, ह्यांनी दिले होते तसे."

"हात लावू नका त्याला," मी म्हटलं, आणि ह्या वेळी माझा आवाज खरंच साऱ्या साइटवर गेला. वरच्या मजल्यावरची माणसं कठड्याशी येऊन बघायला लागली. "नवीन पाट्या पन्नास लावा. हा इथेच राहील, तपास संपेपर्यंत. ह्याने माझ्या माणसाला आत बोलावलं आणि तुम्ही त्याला सांगितलंत, तुझंच चुकलं. सलाइनवर होता तो. लाज नाही वाटली?"

मोठ्या साहेबांनी तारेवरचा हात काढून घेतला. तपासनीसांनी मोबाइल काढून बोर्डचे फोटो घेतले, जवळून आणि लांबून. मग वरच्या पाइपांचे. मग त्यांनी कागद भिंतीला टेकवला, तिथली हो आणि नाहीची जागा पेनने खोडली आणि कागदाच्या मागच्या बाजूला लिहायला लागले. बराच वेळ लिहीत होते. मी ते वाचायला मागितलं नाही.

संध्याकाळी मी दवाखान्यात गेले. मिस्त्री तसेच, भिंतीकडे तोंड. मी स्टूल ओढून बसले आणि सगळं सांगितलं. पट्टी कोणी उचलली, कोण आधी वाकलं, कोण नंतर. ते ऐकत होते की नाही कळत नव्हतं. शेवटी त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"तपासनीससुद्धा गेले?"

"तेसुद्धा."

"शिट्टीसाहेब?"

"तेसुद्धा. शिट्टी घालून."

"वाचून?"

"वाचून गेले. तुम्ही गेलात तसेच. अहो, तुमचं काही चुकलं नव्हतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग डाव्या हाताने चादर तोंडावर ओढून घेतली आणि रडायला लागले, अपघातानंतर पहिल्यांदाच. मी त्यांना गप्प केलं नाही.